बायोत टूल्सची यादी कधी द्यायची आणि सोडवलेला प्रश्न कधी सांगायचा

"Python | Django | PostgreSQL | Redis | Celery | Docker | AWS | Git | Linux"

चार वर्षं बॅकएंडचं काम केलेल्या माझ्या एका मैत्रिणीचा हा बायो. यात खोटं काहीच नव्हतं, नऊच्या नऊ गोष्टी ती रोज वापरत होती. पण वाचून मला एवढंच कळलं, की तिच्या मशीनवर काय काय इन्स्टॉल केलेलं आहे.

तिला नोकरी बदलायची होती. मेसेज भरपूर येत होते, पण बहुतेक एक-दोन वर्षं अनुभवाच्या जागांसाठी. वैतागून ती म्हणाली, "सगळे सांगतात टूल्स लिहू नका, इम्पॅक्ट लिहा. काढून टाकू का ही यादी?" मी म्हटलं, काढू नकोस, हलव. यादी आपल्या जागी फार उपयोगाची असते, फक्त ती जागा बायोतली प्रत्येक जागा नसते. नव्यानं बायो लिहिणाऱ्यानं ही जागा कशी ओळखायची, ते तिच्याच बायोवरून दाखवतो.

पहिली पायरी: वाचणारा शोधतोय की निवडतोय?

भरती करणारा माणूस तुमच्या बायोपाशी दोन टप्प्यांत येतो. पहिल्या टप्प्यात तो तुम्हाला वाचतच नाही. तो सर्चच्या चौकटीत असं काहीतरी टाइप करतो:

```
("Django" OR "Flask") AND "PostgreSQL" AND "AWS"
```

इथे टूल्सचीच नावं लागतात. "रेंगाळणारे रिपोर्ट दुरुस्त करणारी व्यक्ती" असं सर्चमध्ये कुणी टाइप करत नाही. त्यामुळे ज्यानं बायोतून टूल्सची नावं पार काढून टाकली, तो कितीही छान लिहीत असला तरी या टप्प्यात सापडतच नाही. "टूल्स लिहू नका" हा सल्ला इथे लंगडा पडतो.

दुसऱ्या टप्प्यात त्याच माणसासमोर पंधरा-वीस प्रोफाइल उघडलेली असतात आणि त्यातल्या चार जणांना मेसेज करायचा असतो. आता गंमत बघा: या वीसही जणांना जँगो येतं. येतं म्हणूनच ते इथवर आलेत. म्हणजे यादीत जी माहिती होती ती सर्चनं आधीच वापरून संपवली. या क्षणी बायोच्या पहिल्या ओळीत पुन्हा "जँगो, पोस्टग्रेस, एडब्ल्यूएस" दिसलं, तर वीस जणांतून एकाला वेगळं काढायला त्याचा काही उपयोग नाही. इथे वाचणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो: आमच्याकडे जे अडलंय, तसलं काही या माणसानं कधी सोडवलंय का?

म्हणून बायो लिहायला बसताना आधी जागा बघा. लिंक्डइनवर स्किल्सचा वेगळा विभाग असतो, तो सर्चसाठीच आहे. अख्खी यादी तिथे जाऊ द्या. अबाउटमध्ये २,६०० अक्षरं मावतात, पण "आणखी दाखवा" दाबण्याआधी सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात. त्या ओळी निवडणाऱ्यासाठी आहेत, तिथे प्रश्न सांगा. हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात आणि ती सर्चच्या निकालातही दिसते, प्रोफाइलवरही. त्यामुळे तिथे दोन्हींचं थोडं थोडं लागतं. गिटहबच्या बायोला १६० अक्षरांची मर्यादा आहे, पण तिथे तुमच्या रिपॉझिटरीज खालीच दिसत असतात आणि प्रत्येकीपुढे भाषेचं नाव आपोआप येतं. तिथे भाषांची यादी देणं म्हणजे १६० अक्षरं वाया घालवणं.

परिसंवादात बोलायला जाताना आयोजक जो परिचय मागतात, त्यात तर कुणी काही शोधत नसतं. श्रोता फक्त हे बघतो की या विषयावर बोलायला ही व्यक्ती का. तिथे यादी शून्य.

दुसरी पायरी: यादी छाटा, आणि नावं नीट लिहा

प्रत्येक नावाला दोन प्रश्न विचारा. याच टूलचं काम उद्या दिवसभर करायला मिळालं तर घेईन का? आणि समोरच्यानं यावर लागोपाठ तीन प्रश्न विचारले तर तिसऱ्यापर्यंत टिकेन का? दोन्हींचं उत्तर हो आलं तरच नाव ठेवा.

पहिला प्रश्न लोक टाळतात. माझ्या स्वतःच्या प्रोफाइलवर पीएचपी कितीतरी वर्षं तसंच राहिलं होतं. कधीकाळी केलं होतं, येत होतं, खोटं नव्हतं. परिणाम असा, की जुन्या पीएचपी साइट्स सांभाळायची कामं माझ्याकडे येत राहिली आणि मी नाही म्हणत राहिलो. यादी म्हणजे आमंत्रणपत्रिका. ज्याला घरी बोलवायचं नाही त्याला पाठवू नये.

मैत्रिणीच्या यादीतून गिट आणि लिनक्स लगेच गेले. चार वर्षांच्या बॅकएंड डेव्हलपरला हे येत असणारच, लिहिल्यानं उलट तो नवखा वाटतो. एक-दोन वर्षं अनुभवाच्या जागांचे मेसेज येण्यामागे माझ्या मते यादीचा हा बाजच होता. नुकतंच शिकून बाहेर पडलेल्या माणसाची यादीही हुबेहूब अशीच दिसते. डॉकर तिसऱ्या प्रश्नाला टिकलं नाही. ती दुसऱ्यानं लिहिलेली फाइल चालवायची, एवढंच. ते हेडलाइनमधून काढलं, स्किल्समध्ये राहू दिलं.

मग नावांचं स्पेलिंग. सर्च आपल्या मनातलं ओळखत नाही, अक्षरं ओळखतो. काही नावं इथे हमखास फसवतात. `Go` ही भाषा लिहिताना सोबत `Golang` सुद्धा लिहा, कारण "go" हा नेहमीच्या वापरातला शब्द असल्यानं शोधणारे बऱ्याचदा `Golang` टाइप करतात. `AngularJS` आणि `Angular` या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा अधिकृत पाठिंबा २०२१ संपता संपता बंद झाला. एकाच्या जागी दुसरं लिहिलं तर भलतंच काम पदरात पडतं. `Java` आणि `JavaScript` यांचं तर सांगायलाच नको. पोस्टग्रेसला आपण बोलताना काहीही म्हणत असलो तरी प्रोफाइलवर `PostgreSQL` हे पूर्ण नाव एकदा तरी हवं.

तिसरी पायरी: सोडवलेला प्रश्न उकरून काढा

इथे बहुतेक जण अडतात. "मी असं विशेष काही सोडवलं नाही, तिकिटं येत गेली आणि बंद करत गेले," असं मैत्रीणही म्हणाली. पण माणसाला स्वतःचं काम आठवत नसतं, त्याची नोंद मात्र कुठेतरी असते. कोडची नोंद अशी बघता येते:

```
git log --author="तुमचे नाव" --since="2 years ago" --oneline
```

अवतरणात नाव तसंच टाका जसं तुमच्या कमिटवर येतं. यादी लांबलचक येईल. त्यात एकाच गोष्टीभोवती आठ-दहा कमिट सलग कुठे दिसतात ते शोधा. तिथे काहीतरी अडलं होतं आणि तुम्ही त्यात दिवस घातले होते. मग त्या तारखांच्या आसपासची तिकिटं उघडा. तक्रार कोणत्या शब्दांत आली होती ते तिकिटात सापडतं, आणि बायोसाठी नेमके तेच शब्द लागतात.

मैत्रिणीच्या यादीत असे अकरा कमिट निघाले, सगळे महिनाअखेरच्या बिलिंग रिपोर्टभोवतीचे. तिकिटात हिशोब बघणाऱ्यांचं एक वाक्य होतं: "रिपोर्ट सुरू करून आम्ही चहाला जातो आणि परत येईपर्यंत तो बंद पडलेला असतो." मी तिला म्हटलं, आता सांग काय झालं होतं, सावकाश.

महिन्याला साधारण ६,००० बिलं. रिपोर्ट प्रत्येक बिलासाठी डेटाबेसला वेगळं विचारायचा, या बिलावर किती पैसे जमा झाले. पैसे जमा झाल्याच्या नोंदींमध्ये बिलाचा क्रमांक नुसता मजकूर म्हणून ठेवलेला होता आणि त्या कॉलमवर इंडेक्स नव्हता. म्हणजे प्रत्येक वेळी डेटाबेस सगळं टेबल सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाळायचा. एका वेळेला ०.४ सेकंद. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ६,००० वेळा म्हणजे २,४०० सेकंद, चाळीस मिनिटं. तिनं त्या कॉलमवर इंडेक्स टाकला, सगळ्या बिलांची बेरीज एकाच क्वेरीत आणली आणि रिपोर्ट तयार करायचं काम सेलरीच्या हवाली केलं, म्हणजे पान उघडं ठेवून बसायला नको. चाळीस मिनिटांचं दीड मिनिट झालं. उरलेलं दीड मिनिट एक्सेलची फाइल बनण्यात जातं.

"हे तू बायोत का नाही लिहिलंस?"

"अरे, त्यात काय, एक इंडेक्सच तर टाकला."

उपाय छोटा होता हे खरं. पण कुणाच्या तरी महिनाअखेरीचा खोळंबा होत होता आणि तो का होतोय हे तिनं शोधलं. निवडणारा उपायाची लांबी मोजत नाही. तो बघतो की तुम्हाला दुखणं सापडतं का.

चौथी पायरी: एका वाक्यात मांडा

तिनं पहिल्यांदा लिहिलं ते असं: "परफॉर्मन्स ऑप्टिमायझेशन आणि स्केलेबल सोल्यूशन्समध्ये निपुण." चाळीस मिनिटं गेली, हिशोबवाले गेले, बिलंही गेली. हे वाक्य कुणाच्याही बायोत चिकटवलं तरी चालतं, आणि यादीपेक्षाही वाईट आहे, कारण यादीत निदान तपासण्याजोगं काहीतरी असतं.

दुसऱ्यांदा लिहिलं: "रिपोर्टिंगचा वेग ९६ टक्क्यांनी वाढवला." इथे गणितच घसरलं. चाळीस मिनिटांचं दीड झालं म्हणजे *वेळ* साधारण ९६ टक्क्यांनी *कमी* झाला. वेग म्हणाल तर पंचवीस पटींहून जास्त वाढला. आणि हिशोब बरोबर असता तरी टक्का एकटा फसवाच. चार सेकंदांवरून ०.१५ सेकंदावर आणणं आणि चाळीस मिनिटांवरून दीडवर आणणं, या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत, पण टक्क्यात सारख्याच दिसतात. आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा, दोन्ही द्या. टक्का ज्याला हवा तो काढून घेईल.

तिसरा मसुदा ठेवला. (तिचा बायो इंग्रजीत आहे, इथे मराठीत देतोय.)

"महिन्याला ६,००० बिलांचा जो रिपोर्ट ४० मिनिटं घेऊन अधूनमधून बंद पडायचा, तो PostgreSQL मधल्या क्वेरी तपासून दीड मिनिटावर आणला. बिलिंग आणि हिशोबाच्या सिस्टिममध्ये डेटा कुठे अडतो आणि कुठे जुळत नाही, हे शोधण्याचं काम मी चार वर्षं करते आहे."

यात टूलचं नाव आलंच आहे, पण यादी म्हणून नाही, कामातलं हत्यार म्हणून. एका वाक्यात एक, फार तर दोन नावं. इंडेक्स, सेलरी, एक्सेल हे सगळं तिनं आधी कोंबलं होतं, मग वाक्य तांत्रिक अहवालासारखं झालं. तो तपशील मुलाखतीसाठी राखून ठेवा. विचारावासा वाटेल एवढंच बायोत हवं.

दोन पथ्यं. पहिलं, "केलं" आणि "केलं त्यात मी होते" यांतला फरक झाकू नका. पाच जणांनी मिळून केलेलं काम असेल, तर तुमचा तुकडा कोणता तो सांगा: "टीमनं पेमेंटची सिस्टिम बदलली, त्यात जुना डेटा नव्या टेबलांत आणण्याचा भाग माझा." मुलाखतीत हा मुद्दा पाच मिनिटांत उघडा पडतो. दुसरं, कंपनीचे आतले आकडे. ग्राहकाचं नाव, उलाढाल, सुरक्षेतल्या त्रुटी या गोष्टी गोपनीयतेच्या करारात येतात. नोकरी सोडली म्हणून तो करार आपोआप संपत नाही. वेळ किंवा क्वेरींची संख्या सहसा कुणाला उघडं पाडत नाही, पण शंका असली तर आकडा गोल करा आणि धंद्याचा फक्त प्रकार सांगा. "एका मोठ्या विमा कंपनीत" असं लिहून खाली अनुभवात तिचंच नाव दिसत असेल, तर ते झाकणं नव्हे.

नियम उलटा पडतो तेव्हा

कधीकधी टूल हाच प्रश्न असतो. पायथॉन २ चा पाठिंबा १ जानेवारी २०२० ला संपला, तरी त्यात लिहिलेल्या सिस्टिम काही त्या दिवशी बंद पडल्या नाहीत. अशी सिस्टिम ज्याच्या गळ्यात आहे, तो "Python 2 to 3" असंच शोधतो आणि वाचतानाही तेच बघतो. तुम्ही अशी स्थलांतरं केली असतील तर टूलचं नाव आवृत्तीसकट अगदी पहिल्या ओळीत हवं. कोबोलचंही तेच. जाणकार थोडे आणि काम अडलेलं, अशा ठिकाणी टूलचं नाव एकटंच सगळी गोष्ट सांगतं.

याच्या बरोबर उलटा वाचणारा म्हणजे थेट काम देणारा ग्राहक. त्याला दुकानाचा साठा आणि वेबसाइटवरचा साठा जुळायला हवा आहे. तुम्ही ते कशात लिहिता याच्याशी त्याला देणंघेणं नाही. फ्रीलान्सिंगच्या प्रोफाइलवर सुरुवातीची ओळ त्याच्या भाषेत लिहा, आणि "सिंक", "एपीआय" हे शब्दसुद्धा तिथे जपून. टूल्स तळाला, त्याच्या ओळखीतल्या एखाद्या डेव्हलपरनं बघितलं तर दिसावीत म्हणून.

आणि ज्यांची अजून नोकरीच लागलेली नाही, त्यांचं काय? इथे मी यादीच्या बाजूनं आहे. पहिल्या जागांसाठी भरती करणारा मुळात यादीच बघतो: कोणती भाषा येते, कोणता डेटाबेस हाताळला आहे. यादी पुढे ठेवा, पण चार-पाच नावांची, आणि तिच्यामागे एक तरी खरा प्रश्न जोडा. तो नोकरीतला असायला हवा असं नाही. "दोन याद्यांमध्ये एकाच माणसाचं नाव वेगवेगळ्या स्पेलिंगनं यायचं, १,२०० नावं जुळवणारी पायथॉनची स्क्रिप्ट लिहिली, ४० नावं हातानं तपासावी लागली" हे वाक्य "टूडू ॲप बनवलं" यापेक्षा कितीतरी वजनदार आहे. ती शेवटची चाळीस नावं तर मुद्दाम लिहा. स्क्रिप्ट कुठे कमी पडली हे ज्याला माहीत आहे, त्यानं ती खरंच चालवून बघितली आहे हे लगेच कळतं.

पाचवी पायरी: मेसेजवरून निदान करा

बायो बदलल्यावर महिनाभर थांबा आणि काय येतंय ते बघा. काहीच आलं नाही, तर तुम्ही सापडत नाही आहात. नावं कमी पडली किंवा स्पेलिंग चुकलं. मेसेज येतात पण नको त्या कामाचे, तर यादी सैल आहे आणि काहीतरी काढायचं राहिलंय. मेसेज योग्य कामाचे येतात, पण पहिल्या बोलण्यातच "तुमच्या कामाबद्दल सांगा" असा मोघम प्रश्न येतो, तर प्रश्नाचं वाक्य पोचलेलं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. हेडलाइन आणि अबाउट एकदम बदललं तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

मैत्रिणीची हेडलाइन शेवटी अशी झाली: "बॅकएंड डेव्हलपर | Python, Django, PostgreSQL, AWS | बिलिंगच्या सिस्टिममधले रेंगाळणारे रिपोर्ट आणि न जुळणारे हिशोब दुरुस्त करते." मेसेज निम्म्यावर आले. पहिल्या आठवड्यात ती घाबरली, यादी परत टाकू का म्हणाली. मी थांब म्हटलं. तिसऱ्या आठवड्यात एका टीम लीडचा मेसेज आला. त्यात जागेचं वर्णन नव्हतं, पगाराचा उल्लेख नव्हता. एवढंच विचारलं होतं: "तो रिपोर्ट अधूनमधूनच का बंद पडायचा, दर वेळी का नाही? आमचाही अगदी असाच वागतो."

तिनं उत्तर लिहिलं, पाठवण्याआधी मला दाखवलं. दीड पान होतं. त्यात इंडेक्सही होता आणि सेलरीही.